हिवाळ्यातील त्वचा आणि थरांचा क्रम

डिसेंबर उजाडला की निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा किती अंशांवर उतरला, ही बातमी आपल्याकडील वर्तमानपत्रांत ठळकपणे येऊ लागते. द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात. त्याच दिवसांत आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या नडग्यांवर कोरड्या नदीपात्रासारखी भेगांची जाळी उमटते, मोजा काढताच पांढरा कोंडा जमिनीवर पडतो आणि रात्री अंथरुणात खाज सुटते. बागेकडे आपले जितके लक्ष असते, तितके या नडग्यांकडे नसते. ‘वयच झाले, थोडे तेल लावा,’ एवढ्यावर विषय संपतो. ते तेल कशावर लावायचे आणि त्याच्याआधी काय लावायचे, याविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

खरा शत्रू थंडी नव्हे, तर कोरडेपणा होय. हा हिशेब मला फार उद्बोधक वाटला, म्हणून मांडतो. 10 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत फार तर सुमारे 9.4 ग्रॅम बाष्प मावते. पहाटे धुके असेल, तर ती हवा तेवढ्या बाष्पाने भरलेली असते. दुपारी तीच हवा ऊन लागून 28 अंशांवर गेली, की तिची धारणशक्ती सुमारे 27 ग्रॅमवर जाते. बाष्प मात्र तेवढेच राहते. म्हणजे सकाळी शंभर टक्के असलेली आर्द्रता दुपारी 35 टक्क्यांच्या आसपास येते. उरलेली तूट भरून काढण्यासाठी ही तहानलेली हवा मिळेल तेथून पाणी उचलते, आणि त्यात आपली त्वचाही आली. नाशिकमध्ये सकाळ व दुपार यांच्या तापमानातील अंतर मोठे असल्याने ही उचल रोजची असते.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की कोरड्या त्वचेत तेल कमी पडते, म्हणून तेल लावले की ती मऊ होते. बोस्टन येथील संशोधक अर्विन ब्लँक यांनी ही समजूत 1952 साली एका अत्यंत साध्या प्रयोगाने तपासली. तळपायाच्या घट्ट्याचे वाळलेले, ठिसूळ तुकडे त्यांनी वेगवेगळ्या तेलांत बुडवून ठेवले. तुकडे तेलात कितीही राहिले तरी ठिसूळच राहिले. तसेच तुकडे पाण्यात ठेवताच लवचीक झाले. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थराला मऊपणा देते ते पाणी. तेलाचे काम ते पाणी राखण्याचे आहे. ज्या पेढीत ठेवच नाही, तिच्या तिजोरीला कितीही भक्कम कुलूप लावले तरी उपयोग काय? उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला हीच उपमा सुचते. वाचकांनी क्षमा करावी.

हा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी काही नैसर्गिक द्रव्ये असतात. युरिया हे त्यांतीलच एक. वय वाढले की ही द्रव्ये आणि गिलावा दोन्ही कमी होतात. कढत पाणी व साबण तर ती रोज थोडी थोडी धुऊन नेतात. पाणी फार घटले की मृत पेशी एकेक करून न गळता पापुद्र्यांनी सुटतात. तोच आपल्याला दिसणारा कोंडा.

म्हणून त्वचेला लावावयाच्या वस्तूंचे तीन वर्ग पडतात आणि तिघांची कामे वेगळी आहेत. पहिला वर्ग ह्युमेक्टंट, म्हणजे पाणी ओढून धरणारे पदार्थ: ग्लिसरीन, युरिया, कोरफडीचा गर. दुसरा एमोलियंट, म्हणजे सुटलेल्या पापुद्र्यांच्या फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करणारे: खोबरेल, तिळाचे किंवा सूर्यफुलाचे तेल, कोकमतेल, आणि बाजारातील क्रीममधील अनेक स्निग्ध घटक. तिसरा ऑक्लुझिव्ह, म्हणजे झाकण घालणारे: पेट्रोलियम जेली, घट्ट मेण, काही अंशी आपले साजूक तूप. वर्गांच्या सीमा काटेकोर नाहीत. खोबरेल फटीही भरते आणि थोडे झाकतेही. पण बाष्पीभवन रोखण्यात पेट्रोलियम जेलीच्या जवळपास घरातील दुसरी वस्तू पोहोचत नाही. अमेरिकेत तेलविहिरींच्या दांड्यांवर जमणारा चिकट पदार्थ कामगार भाजलेल्या जागी लावीत असत. तो शुद्ध करून रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 साली त्याचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून ही जेली औषधपेटीत आहे.

क्रमही यावरूनच ठरतो. आधी पाणी, मग पाणी धरणारे, मग फटी भरणारे आणि शेवटी झाकणारे. हा क्रम उलटला तर काय होते? कोरड्या पायाला आधी जेली चोपडली, तर झाकणाखाली राखण्यासारखे पाणी थोडेच असते आणि नंतर लावलेले ग्लिसरीन त्या झाकणावरच तरंगते. वरून पाय चकाकतात, पण निरखून पाहिल्यास चकाकीखाली पापुद्रे तसेच दिसतात. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. आपल्याकडे गुलाबजलात ग्लिसरीन मिसळून लावण्याची जुनी प्रथा आहे आणि ती चांगली आहे. पण त्यावर काहीच न लावता मंडळी उन्हात निघतात. पावसाळ्यात ग्लिसरीनला हवेतूनही थोडे पाणी मिळते. जानेवारीतील कोरड्या दुपारी हवेजवळ देण्यासारखे काही नसते. मग ग्लिसरीन त्वचेच्या खालच्या थरांतील पाणी वर आणते आणि झाकण नसल्याने ते उडून जाते. लावल्यावर दहा मिनिटे छान वाटले आणि तासाभरात त्वचा पूर्वीपेक्षा ताणल्यासारखी झाली, तर तिसरा थर राहून गेला असे खुशाल समजावे.

हे सर्व मला समजले ते माझ्या थोरल्या बंधूंच्या निमित्ताने. दादांचे वय 74. रविवार कारंजा परिसरात त्यांचा घाऊक किराणा मालाचा व्यवसाय असून आजही ते सकाळी नऊला गादीवर हजर असतात. मधुमेह पंधरा वर्षांचा. रोज पहाटे साडेपाचला कढत पाण्याने, सर्वांगाला साबण लावून स्नान, नंतर पूजेची वस्त्रे आणि देरासर. हा नेम त्यांनी कधी मोडलेला नाही. गेल्या हिवाळ्याच्या आरंभी रात्रीच्या खाजेने त्यांची झोप उडाली. नडग्यांवर नखांचे ओरखडे उठले. एके दिवशी मोजावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा टाचेला खोल भेग पडल्याचे घरात कळले. त्यांना स्वतःला ती जाणवलीच नव्हती. आमची भाची त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिने पाय पाहिले आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

“मामा, यांच्या पायांच्या नसा मंदावल्या आहेत,” ती मला म्हणाली. “त्यामुळे पायांना घाम येत नाही, म्हणून त्वचा जास्त कोरडी. आणि दुखत नाही, म्हणून भेग कळत नाही. अशा भेगेतून जंतू शिरले की पुढचे प्रकरण मोठे होते. मोठ्या मामांची टाच हा सौंदर्याचा प्रश्न नाही.”

घरी कोकमतेलाचा गोळा होता. कोकमाच्या बियांपासून निघणारे हे तेल थंडीत मेणासारखे घट्ट असते, आणि कोकणातून आणलेला तो गोळा पळीत वितळवून गरमागरम थेंब भेगेत सोडण्याची जुनी पद्धत आहे. भाचीने तेलाला नाही म्हटले नाही, पण गरम थेंबांना सक्त मनाई केली. ज्या पायाला भेग कळत नाही, त्याला चटकाही कळणार नाही. गोळा तळहातावर चोळून मऊ करावा आणि तसाच लावावा, एवढाच बदल तिने सांगितला. खोल भेग मात्र तिने प्रथम स्वच्छ करून मलमपट्टीने भरून आणली, आणि ती मिटेपर्यंत तेथे दुसरे काही लावू दिले नाही.

पहिला बदल स्नानात झाला. पाणी कोमट, तेही घरातील दुसऱ्या कोणी हात घालून पाहिलेले. वेळ दहा मिनिटांच्या आत. साबण काखा, जांघा आणि तळपाय एवढ्यापुरताच. नडग्या व हातांना तो रोज लागत नाही. पंचाने खसखसून न पुसता टिपून घ्यावयाचे आणि त्वचा दमट असतानाच, साधारण तीन मिनिटांत, पहिला थर द्यावयाचा. येथे एक अडचण आली. पूजेच्या शुद्ध वस्त्रांना क्रीम व जेली लागलेली दादांना चालणारी नव्हती, आणि या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याची आमची कोणाचीच इच्छा नव्हती. भाचीने तोडगा काढला. पाणी स्नानाचेच असले पाहिजे असे नाही. ते पुन्हा देता येते. त्यामुळे मुख्य लेप रात्री झोपण्यापूर्वी आणि दुसरा, हलका लेप देरासरातून परतल्यावर, दुकानाचे कपडे घालण्याआधी, असे ठरले.

रात्रीचा क्रम असा. कोमट पाण्यात पिळलेला सुती पंचा नडग्यांवर व पावलांवर पाच मिनिटे ठेवावयाचा. काढल्यावर टिपून घ्यावयाचे, पण पूर्ण कोरडे करावयाचे नाही. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठणठणीत करावयाच्या आणि तेथे कोणताच थर द्यावयाचा नाही. तेथे ओल साठली की बुरशी येते. मग 10 टक्के युरियाचे क्रीम, ज्यात ह्युमेक्टंटबरोबर एमोलियंटही असतेच. ते न चोळता केसांच्या दिशेने खाली पसरावयाचे. दोन-तीन मिनिटे थांबून वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जेली हरभऱ्याएवढी घेऊन तळहातांत गरम केली की एका नडगीला पुरते. थर चिकट जाणवला तर ती जास्त झाली. शेवटी सैल सुती मोजे. मोजे केवळ चादर वाचविण्यासाठी नव्हेत. जेली लावलेल्या तळपायांनी रात्री गुळगुळीत फरशीवर उठणे म्हणजे माकडहाडाला निमंत्रण.

ज्यांना औषधी क्रीम नको असेल, त्यांनी पहिल्या थरासाठी एक भाग ग्लिसरीन व चार भाग गुलाबजल घ्यावे. हे मिश्रण टिकाऊ नसते. थोडेच करावे, थंड जागी ठेवावे आणि चार-पाच दिवसांत संपवावे. दुसरा थर खोबरेलाचा. फिलिपाइन्समधील एका चाचणीत कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि मिनरल ऑइल सारखेच उपयोगी ठरल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले आहे, तेव्हा आपल्या आजीची निवड चुकीची नव्हती. आपल्याकडे थंडीत ते बाटलीत गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवावी. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल मात्र या कामाला मला सुचवावेसे वाटत नाही. त्यांतील ओलिक प्रकारची आम्ले त्या विटांमधील गिलावाच सैल करतात, असे दिसून आले आहे.

आता प्रमाण, कारण बहुतेकांचे उपाय येथेच फसतात. डॉक्टर मंडळी बोटाच्या टोकाचे माप वापरतात: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली क्रीमची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मांडीपासून घोट्यापर्यंतच्या एका पायाला अशा सहा रेघा आणि पावलाला दोन. दादांना गुडघ्याखालीच लावावयाचे, म्हणजे नडगी-पोटरीला तीन व पावलाला दोन, एकूण पाच रेघा, अडीच ग्रॅम. दोन्ही पायांचे पाच ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे दहा. 50 ग्रॅमची ट्यूब बरोबर पाच दिवसांत संपते! आपण ती दोन महिने पुरवितो आणि गुण आला नाही म्हणून कंपनीला नावे ठेवतो. हा हिशेब मांडून दाखविल्यावर व्यापारी असलेल्या दादांनी तत्काळ मोठ्या डब्याची किंमत काढली, आणि पहिला आठवडा संपताच महागडे क्रीम केवळ रात्री व सकाळी साधे ग्लिसरीनयुक्त लोशन, असा किफायतशीर बदलही करून घेतला. भाचीने त्याला संमती दिली.

आठवडाभरात रात्रीची खाज उतरली. काळ्या मोज्याच्या आतील पांढरा कोंडा हे आमचे मोजमाप होते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो जवळजवळ दिसेनासा झाला. टाचांना महिन्याहून अधिक काळ लागला, कारण तेथील थरच जाड. टाचांसाठी 20 टक्के किंवा त्याहून अधिक युरियाचे मलम मिळते. ते जाड थर सोडवते. परंतु ओल्या, रक्ताळलेल्या भेगेवर ते झोंबते आणि तेथे ते लावूही नये.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो घटकांचा. वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारले, “यात काही अभक्ष्य नाही ना?” खाण्यात नाही तरी अंगावरही नको, ही भावना मला रास्त वाटते, आणि वेष्टन वाचले तर ती पाळता येते. पेट्रोलियम जेली, पातळ पॅराफिन आणि डायमेथिकोन हे खनिज अथवा कारखान्यात तयार होणारे पदार्थ; त्यांत प्राणिज काही नाही. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांश असतो. ‘सेरा अल्बा’ असे भारदस्त नाव दिसले तर ते मधमाशांचे मेण होय. अनेक ओठांच्या मलमांत ते असते, आणि मध तर नैसर्गिक ह्युमेक्टंट म्हणून मिरवितो. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल यांबाबत नावावरून काहीच कळत नाही. ती पामसारख्या वनस्पती तेलापासूनही होतात आणि चरबीपासूनही. स्क्वालीन शार्कच्या यकृतातून काढलेले असू शकते किंवा वनस्पतीजन्यही. अशा वेळी वेष्टनावर हिरवा ठिपका किंवा वनस्पतीजन्य असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. नसल्यास उत्पादकाला पत्राने विचारावे. घटकांची यादी साधारणतः अधिक प्रमाणाकडून कमीकडे उतरत जाते. पहिल्या पाच-सहा नावांत ग्लिसरीन किंवा युरिया नसेल, तर जाहिरातीत ओलाव्याची कितीही वर्णने असोत, पहिला थर आपल्याला वेगळा द्यावा लागेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पॅराफिन व जेली मुरलेले कापड एकदा पेटले की झपाट्याने जळते. मोजे, साडीचा काठ, ओढणी यांवर रोज ती लागत असेल, तर दिवा, आरती आणि शेगडीपाशी जपावे व कपडे वारंवार गरम पाण्यात धुवावेत. धुतल्यानेही अंश पूर्ण जात नाही, हे ध्यानात असू द्यावे. दुसरे, झाकण सर्वत्र योग्य नसते. तरुण मुलांच्या मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर जेली नको; तेथे हलके लोशन पुरे. पायांवर केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या आल्या, तर थर फार जाड होतो आहे. आणि कडेने लालसर, मध्ये निवळलेली, हळूहळू पसरणारी वर्तुळे असतील, तर तो कोरडेपणा नसून गजकर्ण होय. त्यावर जेली चोपडणे किंवा औषधांच्या दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉईडचे मलम लावणे, दोन्ही घातक.

योग्य क्रमाने, पुरेशा प्रमाणात दोन-तीन आठवडे करूनही खाज थांबत नसेल, अथवा त्वचेवर काहीच न दिसता सर्वांगाला खाज असेल, तर थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत व रक्तातील साखर यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. अशा खाजेचे मूळ पुष्कळदा त्वचेत नसते. पाणी भरपूर पिण्याचा सल्ला सगळेच देतात. शरीराला ते हवेच, पण ज्याच्या शरीरात पाण्याची तूट नाही, त्याच्या नडगीवरचा कोंडा चार पेले अधिक पिऊन जात नाही.

थर बंद केव्हा करावेत, हे दादांनी मार्चमध्येच विचारले होते. त्वचा दिसायला बरी झाली म्हणून लेप एकदम थांबविला, तर काही दिवसांतच कोरडेपणा परत येतो, असे भाचीने बजावले. नाशिकचा उन्हाळाही कोरडाच. म्हणून होळीनंतर जेली फक्त टाचांपुरती ठेवली आणि नडग्यांना लोशन चालू राहिले. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाल्यावर रात्रीचे मोजे सुटले. पायांची रोजची तपासणी मात्र सुटलेली नाही; रात्री वहिनी दिव्याजवळ आरसा धरतात आणि दादा चष्मा लावून स्वतःच्या टाचा पाहतात.